बसमधील अनोळखी बाई आणि लेखकाची लेखणी

गडचिरोली मागें टाकून धानोऱ्याच्या वाटेला लागलेल्या एस्. टी. च्या गाडींत, मे महिन्याच्या एका सकाळीं, शहरांतून आलेला एक लेखक बसला आहे असें समजावें. समोरच्या बाकावर पन्नाशीच्या घरांतील एक बाई बसली आहे. तिच्या हातांवर गोंदण आहे, पायांत रबरी चप्पल आहे, आणि मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेली एक जाड वही तिनें दोन्ही हातांनीं धरली आहे. वाटेंत तिच्या मोबाइलवर फोन येतो. ती गोंडींत कांहीं बोलते, मध्येंच हंसते, आणि पुढें एका फाट्यावर उतरून जाते. सारा सहवास अर्ध्या तासाचा. घरीं परतल्यावर लेखकाला वाटतें कीं, या बाईवर कांहीं लिहावें. येथेंच अडचणीला आरंभ होतो. कारण जें पाहिलें तें चार ओळींत संपतें, आणि उरलेलें सर्व आयुष्य कल्पनेनें भरावें लागतें. तें भरतांना त्या बाईला आपल्यापेक्षां लहान न करणें, हा या प्रकारच्या लेखनांतील खरा प्रश्न होय.

पहिला खर्डा बहुधा असा उतरतो: ‘जंगलाच्या कुशींत वाढलेली ती भोळी आदिवासी स्त्री शून्य नजरेनें खिडकीबाहेर पाहत होती. पोटासाठीं वणवण करणें एवढेंच तिचें आयुष्य. तरीहि तिच्या मुखावर निर्व्याज हास्य होतें.’ या लेखनांत सहानुभूति नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि एकेक शब्द उचलून पाहिला म्हणजे दोष कोठें आहे तें ध्यानांत येतें. ‘भोळी’ हें कोणाला दिसलें? भोळेपणा कांहीं गोंदणासारखा हातावर उमटलेला नसतो. ‘शून्य नजर’ म्हणजे काय? आपला फाटा जवळ आला कीं काय, हें पाहणारा मनुष्यहि खिडकीबाहेरच पाहतो. ‘एवढेंच’ या शब्दानें तर पन्नास वर्षांचा हिशेब अर्ध्या तासांत मिटविला आहे. सर्वांत घातक शब्द मात्र ‘तरीहि’ हा आहे. तिनें हंसावें याचें लेखकाला आश्चर्य वाटतें. म्हणजे तिला हंसण्यासारखें कांहीं नसणार, हें त्यानें आधींच ठरवून टाकलें आहे. कींव ही अशीच अव्ययांत आणि विशेषणांत दडून बसते.

मराठींत तिला दडायला आणखी एक जागा आहे. हाच लेखक पुण्याच्या एखाद्या प्राध्यापिकाबाईंविषयीं लिहितांना ‘त्या म्हणाल्या’, ‘त्या उतरल्या’ असें लिहितो. जंगलपट्टींतील बाई मात्र ‘ती’ असते. वय तेंच, ओळख तितकीच, तरी सर्वनाम बदलतें. प्रस्तुत विवेचनाच्या आरंभींहि ‘ती’ असाच उल्लेख झाला, आणि पुष्कळ श्रोत्यांना त्यांत कांहीं खटकलें नसेल. सर्वत्र ‘त्या’ लिहिलेंच पाहिजे असा याचा अर्थ नव्हे. कथेंतील आपलें माणूस म्हणून ‘ती’ लिहितां येतें. पण मग प्राध्यापिकाबाईंनाहि तोच न्याय लागू करण्याची तयारी हवी. येथून पुढें ‘त्या’ असेंच म्हणूं.

दोष काढून टाकण्याची पहिली पायरी अगदीं साधी आहे. कागदाचे दोन भाग करावे. एका बाजूस जें डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकलें तेवढेंच लिहावें, आणि दुसऱ्या बाजूस आपण जें ताडलें तें लिहावें. पहिल्या बाजूस गोंदण, चप्पल, वही, फोन, हंसणें आणि फाटा एवढेंच येतें. गरिबी, निरक्षरता, भोळेपणा हीं सारीं दुसऱ्या बाजूस जातात. मग एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पहिल्या खर्ड्यांत दुसरी बाजू सगळी आली आहे, आणि पहिल्या बाजूंतील सर्वांत ठळक वस्तु, म्हणजे ती वही, साफ गळाली आहे. ठरलेल्या चित्रांत न बसणारी वस्तु दृष्टिआड करणें, ही मनाची नेहमींचीच खोड आहे. म्हणून जी वस्तु गळाली असेल, तिच्याच मागें जावें.

वहीच्या मागें जायचें तर त्या भागाची माहिती हवी. मे महिना हा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम. पहांटे पानें तोडून आणावयाचीं, घरीं बसून त्यांचे मोजके पुडे बांधावयाचे, आणि ते संकलनाच्या जागीं नेऊन मोजून द्यावयाचे; या जागेला तिकडे ‘फळी’ म्हणतात. रोज कोणीं किती पुडे दिले याची नोंद ठेवावी लागते, कारण मजुरी त्यावर अवलंबून. पूर्वीं हा व्यापार वनखात्याच्या लिलावानें चाले. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, आणि महाराष्ट्रानें २०१४ मध्यें केलेले पेसाचे नियम यांमुळें अनेक ग्रामसभा आतां आपलीं पानें स्वतः विकतात, आणि ठेकेदाराशीं हिशेबहि स्वतःच करतात. याच धानोरा रस्त्यावर मेंढा (लेखा) हें गांव आहे. २००९ मध्यें या गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्यें आपला बांबू आपण विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हातीं आला. तेव्हां या वाटेवरच्या बसमध्यें एखाद्या बाईंच्या मांडीवर जाड वही असणें, यांत आश्चर्य असें कांहीं नाहीं.

एवढें कळल्यावर लेखक दुसरा खर्डा लिहितो. आतां बाई ग्रामसभेच्या धुरीण होतात. ठेकेदाराला जाब विचारण्यासाठीं त्या तालुक्याला निघालेल्या असतात. वहींत गांवाचें भाग्य सांठविलेलें असतें. हा खर्डा पहिल्यापेक्षां माहितीपूर्ण खरा, पण चूक तीच आहे. पहिल्यांत बाई दयेच्या विषय होत्या, दुसऱ्यांत त्या कौतुकाच्या विषय झाल्या. दोहोंतहि लेखकाला जें दाखवावयाचें होतें त्याचें त्या उदाहरण ठरल्या. ती वही बचत गटाची असूं शकेल. मुलगा घरीं विसरलेली वही त्याला पोंचविण्यास त्या निघाल्या असतील. आणि त्या केवळ भाचीच्या लग्नाचा आहेर लिहिलेली वही घेऊन निघाल्या असतील, तर त्यांचें मोल कमी होतें काय? थोरवी चिकटवल्यावांचून माणूस लिहिण्यायोग्य वाटत नसेल, तर तीहि एक प्रकारची तुच्छताच होय.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनीं १९२० मध्यें ‘ॲन अनरिटन नॉव्हेल’ ही कथा प्रसिद्ध केली, ती नेमकी याच प्रसंगावर आहे. आगगाडीच्या डब्यांत समोर एक दुःखी दिसणारी बाई बसलेली आहे. निवेदिका तिला स्वतःच एक नांव देते, ती अविवाहित आहे असें ठरवते, तिच्या मनांत एक जुना अपराध घालते, आणि तिचें सबंध आयुष्य रचून काढते. शेवटीं स्टेशनवर त्या बाईला उतरवून घ्यायला तिचा मुलगा आलेला असतो, आणि रचलेला सगळा इमला क्षणांत कोसळतो. कथेचें मर्म असें कीं, निवेदिका आपली चूक वाचकापासून लपवीत नाहीं, आणि दूर जाणाऱ्या त्या मायलेकांविषयींचें तिचें कुतूहल उलट वाढतें. चूक होणारच, ती उघडकीस येण्यास लेखनांत जागा ठेविली आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

मराठींत सामान्य माणसांचीं उत्तम चित्रें झालीं आहेत. श्री. म. माटे यांचें ‘उपेक्षितांचें अंतरंग’ १९४१ मध्यें आलें, व्यंकटेश माडगूळकरांचीं ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्यें. परंतु माट्यांनीं अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांत वर्षानुवर्षें शिक्षणाचें काम केलें होतें, आणि माडगूळकर माणदेशांतच वाढले होते. त्यांची निश्चयात्मक वाक्यें त्या सहवासांतून आलेलीं आहेत. अर्ध्या तासाच्या ओळखीवर तींच वाक्यें वापरणें म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर हुंडी काढणें होय. अल्प ओळखीच्या लेखनाला ‘असेल’, ‘किंवा’, ‘कळलें नाहीं’ हेच शब्द शोभतात.

हेंच भाषेबाबतहि. फोनवरील गोंडी बोलण्याचें ‘मंजुळ किलबिल’ असें वर्णन करण्याचा मोह पुष्कळांना होतो. गोंडी ही तेलुगूप्रमाणें द्राविडी कुळांतील भाषा असून, २०११ च्या जनगणनेंत सुमारें २९ लाख लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. ती न समजणें ही ऐकणाऱ्याची उणीव आहे. किलबिल म्हटल्यानें ती बोलणारीच्या माथीं जाते.

या सर्वांतून तिसरा खर्डा असा निघतो: ‘बाईंच्या मांडीवर वही होती. या दिवसांत वाटेवरच्या गांवांतून पानांचा हिशेब चालू असतो. वही त्याची असेल, बचत गटाची असेल, किंवा आणखी कशाची. फोनवर त्या गोंडींत बोलल्या. कशाला हंसल्या तें समोरच्या माणसाला कळलें नाहीं. शेजारची म्हातारी मात्र तेव्हांच हंसली, म्हणजे गोष्ट हंसण्यासारखी असणार. फाटा आला तशी त्यांनीं वही सांवरली. कंडक्टरला कांहीं सांगावें लागलें नाहीं. त्यानें आपणहून घंटी दिली. उतरतांना त्यांनीं समोरच्या माणसाच्या पिशवीकडे एकदां पाहिलें, आणि तो कोण असावा याचा त्यांनींहि कांहीं अंदाज बांधला असेल.’

या खर्ड्यांत बाईंचें आयुष्य रचलेलें नाहीं. पण त्यांना ओळखणारा कंडक्टर आहे, त्यांचा विनोद कळणारी शेजारीण आहे, आणि शेवटीं पाहणाऱ्याकडे उलट पाहणारी त्यांची नजर आहे. म्हातारी, कंडक्टर आणि ती नजर हीं तिन्ही बसमध्यें होतींच. पहिल्या खर्ड्याच्या वेळीं तीं लेखकाला आठवलीं नव्हतीं, कारण एकटी, मूक बाई त्या चित्राला सोयीची होती.

लेख पुरा झाला म्हणजे एक परीक्षा घ्यावी. त्यांतील प्रत्येक वाक्य आपल्या सख्ख्या मावशीविषयीं, ती दादरच्या बसमध्यें बसली आहे असें समजून, मोठ्यानें वाचावें. ‘मावशी शून्य नजरेनें पाहत होती, तरीहि तिच्या मुखावर निर्व्याज हास्य होतें’ हें वाचतांना घरांतील मंडळी हंसूं लागलीं, तर तें वाक्य खोडावें. ‘मावशीनें वही सांवरली’ याला कोणी हंसणार नाहीं. तें वाक्य ठेवावें.