पाच मिनिटांत कैलास हलवणारा रावण

पाच मिनिटांच्या स्लाइड-व्याख्यानाची संहिता चारशे ते साडेचारशे शब्दांची असावी. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत नीट ऐकू जाईल अशा बेताने बोलले, तर मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. उरलेला वेळ पडद्यावरचे शिल्प पाहण्यासाठी लागतो. तो वेळ संहितेत आधीच धरलेला नसेल, तर बोलणारा घाईला येतो आणि ऐकणाऱ्यांच्या हाती शिल्पाऐवजी नुसती माहिती लागते.

वेरूळच्या कैलास मंदिरातील, म्हणजे सोळाव्या लेण्यातील, कैलास हलवणाऱ्या रावणाचे शिल्प अशा व्याख्यानाला फार योग्य आहे. मंदिराच्या दक्षिण बाजूला, जोत्यातल्या खोल कोनाड्यात ते आहे. शिल्पाचे दोन भाग सरळ दिसतात. खाली गुडघा टेकून, अनेक हात पसरून पर्वत उपटू पाहणारा रावण आहे. वर पर्वतावर शिव-पार्वती आहेत. रावण कड्यापासून इतका सुटा कोरला आहे की त्याच्या हातांमागे अंधार साठतो.

पहिल्या स्लाइडवर फक्त पूर्ण शिल्प ठेवावे. त्यावर शीर्षकही नको. संहितेत येथे ‘दहा सेकंद थांबणे’ असे कंसात लिहून ठेवावे. पहिले वाक्य दिसणाऱ्या गोष्टीचे हवे: ‘खालच्या अंधारात एक माणूस पर्वत उचलतो आहे. त्याचे हात मोजायचा प्रयत्न करा.’ वर्गाची नजर शिल्पावर फिरू लागली की मगच नाव, ठिकाण आणि काळ सांगावा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, इसवी सनाचे आठवे शतक, एवढे पुरते. या राजाने एलापुरात, म्हणजे वेरूळला, मंदिर बांधविल्याचा उल्लेख 812 सालच्या बडोदे ताम्रपटात आहे. कोणी विचारले तर सांगायला तो हाताशी ठेवावा.

बहुतेक संहिता कथेपाशी बिघडतात. पुष्पक विमान अडले, नंदीने हटकले, रावण चिडला, असे सांगता सांगता दोन मिनिटे जातात आणि तोवर पडदा तसाच राहतो. कथा तीन वाक्यांत बसते: वाट अडवणारा कैलास रावण उचलू लागला, शिवाने पायाच्या अंगठ्याने तो दाबला, रावण खाली अडकला आणि शिवाची स्तुती करू लागला. पुढे शिव प्रसन्न झाला, म्हणून अशा शिल्पांना रावणानुग्रह म्हणतात. हा शेवट एका वाक्यात उरकावा, कारण शिल्पकाराने दाखवलेला क्षण त्याआधीचा आहे.

तो क्षण दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाइडवर उलगडतो, आणि पाचांपैकी दोन मिनिटे त्यालाच द्यावीत. दुसरी स्लाइड वरच्या भागाची. पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, मागे एक दासी पळ काढते आहे, आणि शिव मात्र निवांत बसलेला आहे. धक्का एकच असूनही तिघांच्या शरीरांत तो तीन प्रकारे उमटला आहे. तिसरी स्लाइड रावणाची. त्याचे बळ पसरलेल्या हातांत आणि टेकलेल्या गुडघ्यात दिसते. वर शिवाला मात्र काहीच करावे लागत नाही. इथे एक सावधगिरी हवी. ‘डावीकडे’ म्हटल्यावर ते पाहणाऱ्याचे डावे की मूर्तीचे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. संहितेत सगळीकडे पाहणाऱ्याची बाजू धरावी आणि तसे सुरुवातीला सांगावे.

छायाचित्र निवडताना फ्लॅश वापरलेले चित्र टाळावे. समोरून पडलेल्या प्रकाशाने कोनाड्यातली सावली पुसली जाते आणि सुटा कोरलेला रावण भिंतीला चिकटल्यासारखा सपाट दिसतो. मग खोलीबद्दलचे वाक्य वर्गाला पटत नाही. नैसर्गिक उजेडात बाजूने घेतलेले एक चित्र चौथ्या स्लाइडला ठेवावे. मंदिर वरून खाली एकाच कातळातून कोरत आणले आहे, हे सांगायची जागा हीच. दगड जोडायचा नसून केवळ काढायचा असल्याने रावणामागची पोकळीही शिल्पकाराला आधीच ठरवावी लागली असणार, असे अनुमान येथे मांडता येते. अनुमान मात्र ‘असणार’, ‘दिसते’ अशा शब्दांनीच सांगावे.

पाचवी स्लाइड तुलनेची. हाच प्रसंग वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यात, धुमार लेण्यातही आहे, आणि घारापुरीलाही. घारापुरीचे शिल्प बरेच भंगले आहे. दोनच चित्रे शेजारी ठेवावीत आणि एकच प्रश्न विचारावा: रावण कुठे जास्त सुटा झाला आहे?

सराव घड्याळ लावून मोठ्याने करावा. मनात वाचताना वेग वाढतो आणि साडेपाच मिनिटांची संहिता चार मिनिटांचीच वाटते. वेळ जास्त होत असेल तर आधी तुलनेची स्लाइड काढावी, मग राजवंशाची वाक्ये. पार्वती, दासी आणि शिव यांच्यावरची वाक्ये कापू नयेत.