चॅनेलचा प्रेक्षक ‘नवा’ कधी ठरतो?

यूट्यूब स्टुडिओतल्या ‘ऑडियन्स’ या भागात चॅनेलचे नवे आणि परतलेले प्रेक्षक वेगळे दाखवले जातात. निवडलेल्या कालावधीत ज्याने चॅनेलवर काही पहिल्यांदाच पाहिले, तो नवा प्रेक्षक. ज्याने आधी कधीतरी पाहिले होते आणि या कालावधीत पुन्हा पाहिले, तो परतलेला. त्याने चॅनेल सबस्क्राइब केले आहे की नाही, याचा या वर्गवारीशी संबंध नाही. न चुकता रोज व्हिडिओ पाहूनही सबस्क्राइब न करणारा माणूस परतलेलाच असतो.

व्याख्या सरळ आहे, पण ‘पहिल्यांदा’ ठरवायचे कशावरून? त्यासाठी त्याच माणसाने आधी पाहिल्याची नोंद हवी. गूगल खात्यात साइन इन करून व्हिडिओ पाहिला, तर तो खात्याच्या पाहण्याच्या इतिहासात जातो. फोन बदलला किंवा तेच खाते लॅपटॉपवर उघडले, तरी ही नोंद टिकते. साइन इन न करणाऱ्याच्या बाबतीत मात्र उरतो तो फक्त ब्राउझर किंवा उपकरण. यूट्यूब ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद ठेवते आणि तिच्यावरून तो ब्राउझर पुन्हा ओळखता येतो. कुकी पुसली की ती ओळखही गेली. खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, खिडकी बंद होताच कुकी नाहीशी होते.

म्हणून यूट्यूबच्या नियमात तीन प्रकारचे जुने प्रेक्षकही नवे म्हणून मोजले जातात: खासगी खिडकीतून पाहणारे, पाहण्याचा इतिहास पुसलेले आणि वर्षाहून अधिक काळ त्या चॅनेलकडे न फिरकलेले. पहिले दोन प्रकार तांत्रिक अडचणीतून येतात. तिसरा हा ठरवून आखलेला नियम आहे आणि मराठी चॅनेलांना त्याचा फटका फार नेमका बसू शकतो.

समजा, एका पाककृतींच्या चॅनेलवर उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ आहे. एक गृहिणी दर वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो पाहते आणि नंतर वर्षभर चॅनेल उघडत नाही. चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. दोन चतुर्थींमध्ये 354 दिवस गेले. वर्ष पुरे झाले नव्हते, म्हणून 2025 मध्ये ती परतलेली प्रेक्षक ठरते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आल्याने चतुर्थी 14 सप्टेंबरला येते. आता अंतर 383 दिवसांचे आहे, वर्षाहून जास्त. तीच गृहिणी, तेच खाते, तोच व्हिडिओ, आणि तरी या वेळी तिची गणना नव्या प्रेक्षकांत होते. अधिक महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येत असल्याने अशा सणासुदीच्या व्हिडिओंवर नव्या प्रेक्षकांचा आकडा अधूनमधून फुगू शकतो आणि चॅनेल चालवणाऱ्याला वाटते की जुनी मंडळी गेली, नवी आली.

हा फुगवटा ओळखण्याचा एक मार्ग आहे. त्याच व्हिडिओचे व्ह्यू सबस्क्रायबर आणि इतर असे वेगळे करून मागच्या सणाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. नवे प्रेक्षक एकदम वाढले, पण सबस्क्रायबरांकडून आलेल्या व्ह्यूंचे प्रमाण तेवढेच राहिले, तर ‘नव्यां’मध्ये बरेच जुने मिसळले असल्याची शंका घ्यायला जागा आहे. खरोखर अनोळखी माणसे लोटली असती, तर सबस्क्रायबरांचे प्रमाण खाली आले असते.

मोजणीत दुसरी गफलत होते ती बेरजेची. समजा, सोमवारी 100 जणांनी चॅनेल पहिल्यांदा पाहिले. त्यांपैकी 30 जण बुधवारी परत आले. शुक्रवारी पुन्हा 30 जण आले. त्यांतले 20 बुधवारीही येऊन गेलेले, 10 सोमवारनंतर थेट आज आलेले. रोजच्या आलेखात 100 नवे, मग 30 परतलेले, मग पुन्हा 30 परतलेले दिसतात. तिन्हींची बेरीज 160 होते, पण माणसे 100च आहेत आणि परतलेली माणसे 60 नव्हेत, 40 आहेत. दिवसाचे प्रेक्षक जोडून आठवड्याचे किंवा महिन्याचे प्रेक्षक कधीच मिळत नाहीत. महिन्याचा आकडा हवा असेल, तर कालावधीच महिन्याचा निवडावा लागतो. व्ह्यू जोडता येतात, कारण ते प्रसंग आहेत. प्रेक्षक जोडता येत नाहीत.

त्यात दिवसाची सीमाही भारताची नाही. स्टुडिओतले तारीखवार अहवाल अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार तयार होतात. तिथली मध्यरात्र म्हणजे उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडचे दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. पुण्यातल्या कोणी सकाळी दहाला चॅनेल पहिल्यांदा पाहिले आणि त्याच रात्री नऊला पुन्हा उघडले, तर अहवालात ही दोन वेगळ्या तारखांची पाहणी ठरते: सकाळी नवा, रात्री ‘दुसऱ्या दिवशी’ परतलेला. सकाळच्या आणि रात्रीच्या बातम्या देणाऱ्या चॅनेलांनी एका दिवसाच्या परतीच्या आकड्यावर फार विसंबू नये, ते यासाठीच.

शिवाय मोजला जातो तो माणूस नव्हे, तर त्याची मिळालेली ओळख. घरातला टीव्ही एकाच खात्यावर चालत असेल, तर त्यासमोर बसलेली आजी, सून आणि नातवंडे यांची नोंद एकाच खात्यात होते. सुनेने सकाळी पाहिलेल्या चॅनेलवर संध्याकाळी नातू पहिल्यांदा गेला, तरी ते खाते आधी येऊन गेलेलेच असते. उलट एकच माणूस फोनवर साइन इन करून आणि ऑफिसच्या संगणकावर साइन इन न करता पाहत असेल, तर त्याच्या दोन ओळखी तयार होतात. ‘युनिक व्ह्यूअर्स’ हा आकडा काढताना अनेक उपकरणे वापरणारा एक माणूस आणि एक उपकरण वापरणारी अनेक माणसे, दोन्ही लक्षात घेतले जातात. पण तो अंदाजच असतो आणि यूट्यूबही त्याला अंदाजच म्हणते.

नवा आणि परतलेला एवढ्या दोनच कप्प्यांत फार वेगळी माणसे एकत्र पडत होती. 2025 पासून स्टुडिओत प्रेक्षकांचे तीन भाग दिसू लागले: नवे, गेल्या वर्षातल्या एक ते पाच महिन्यांत पाहिलेले अधूनमधूनचे, आणि सहा किंवा अधिक महिने सातत्याने पाहणारे नियमित. इथे मोजले जातात ते महिने, व्हिडिओंची संख्या नव्हे. चार महिन्यांपूर्वी चॅनेलशी जोडला गेलेला आणि तेव्हापासून रोज पाहणारा प्रेक्षकही अजून अधूनमधूनच्याच गटात असतो. सहा महिन्यांहून लहान चॅनेलला नियमित प्रेक्षक असूच शकत नाही. तिथे शून्य दिसले म्हणून व्हिडिओंची पद्धत बदलण्याचे कारण नाही.

हे आकडे एका दिवसाच्या उड्या पाहण्यासाठी वापरू नयेत. 28 दिवसांच्या सारख्या कालावधी एकमेकांशी ताडून पाहाव्यात आणि सणाचा व्हिडिओ असेल, तर तारखेऐवजी तिथी धरून तुलना करावी.