साखळ्यांची सरासरी : रेणुभाराचे दोन आकडे आणि जीपीसीचा आलेख

पाण्याचे सर्व रेणू वजनाने जवळजवळ सारखेच असतात. पॉलिस्टायरीनसारख्या बहुवारिकाचे, म्हणजेच पॉलिमरचे, तसे नसते. स्टायरीनचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याच्या साखळ्या तयार होतात आणि कोणती साखळी कोठे थांबेल हे बहुधा योगायोगावर अवलंबून असते. म्हणून पॉलिमरचा रेणुभार सांगताना सरासरीच सांगावी लागते. प्रश्न एवढाच की, सरासरी कोणाला विचारून काढायची?

एका तालुक्यात दहा शाळा आहेत असे समजू. नऊ शाळांत प्रत्येकी १० विद्यार्थी आहेत व एका शाळेत ११० विद्यार्थी आहेत. शाळांना पट विचारला तर एकूण २०० भागिले १०, म्हणजे सरासरी २० येते. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुझ्या शाळेत किती जण?’ असे विचारले, तर ९० जण ‘१०’ म्हणतील आणि ११० जण ‘११०’ म्हणतील. या २०० उत्तरांची सरासरी ६५ येते. दोन्ही आकडे खरेच आहेत. विचारणा मात्र वेगवेगळी आहे.

आता शाळेच्या जागी साखळी ठेवू आणि प्रत्येक आकडा हजारपट करू. १०,००० रेणुभाराच्या नऊ साखळ्या व १,१०,००० रेणुभाराची एक साखळी घेतली, तर संख्या-सरासरी रेणुभार २०,००० आणि वजन-सरासरी रेणुभार ६५,००० होतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ३.२५ हा पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स मिळतो. सर्व साखळ्या समान असत्या तर तो बरोबर १ आला असता. तो १ पेक्षा कमी कधीच येत नाही. वजन-सरासरीत लांब साखळ्यांचा शब्द मोठा असतो. वितळलेल्या पॉलिमरचा घट्टपणा तिच्याशीच बांधलेला असतो: साखळ्या पुरेशा लांब असून एकमेकींत गुंतलेल्या असतील, तर ही सरासरी दुप्पट होताच घट्टपणा सुमारे दहापट वाढतो. संख्या-सरासरी मात्र आखूड साखळ्यांच्या संख्येने लगेच खाली ओढली जाते.

हे आकडे जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी, संक्षेपाने जीपीसी, या पद्धतीने मिळतात. डाऊ केमिकल कंपनीतील जे. सी. मूर यांनी ती १९६४ साली मांडली. सच्छिद्र मणी भरलेल्या नळीतून पॉलिमरचे द्रावण सोडले जाते. लहान साखळ्या मण्यांच्या छिद्रांत शिरत-निघत रेंगाळतात. मोठ्यांना तेथे प्रवेश नसल्याने त्या आधी बाहेर पडतात. म्हणून आलेखात डावीकडे मोठ्या आणि उजवीकडे लहान साखळ्या दिसतात. कोणत्या वेळी कोणता रेणुभार, हे माहीत असलेल्या रेणुभाराचे नमुने आधी सोडून ठरवले जाते. ते नमुने बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. त्यामुळे दुसऱ्या पॉलिमरसाठी आलेला आकडा ‘पॉलिस्टायरीनच्या तुलनेत’ असाच वाचावा.

आलेखाची उंची साखळ्यांची संख्या दाखवत नाही. नेहमीचा अपवर्तनांक-शोधक वस्तुमान मोजतो. आपल्या मिश्रणाचा आलेख काढला तर डावीकडील उंचवट्याचे क्षेत्रफळ ५५ टक्के व उजवीकडील ४५ टक्के भरेल. नजरेला दोन्ही जवळपास सारखे वाटतील, पण साखळ्या मात्र एकास नऊ आहेत. संख्या काढण्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या उंचीला तेथील रेणुभाराने भागावे लागते.

खरी फसगत याच भागाकारात होते. आपल्या मिश्रणात १,००० रेणुभाराचे दोन तुकडे मिसळा. वस्तुमानाने ते सुमारे १ टक्काच आहेत. आलेखात उजव्या टोकाला हलकीशी शेपटी दिसेल, एवढेच. वजन-सरासरी ६५,००० वरून सुमारे ६४,४०० वर येते. संख्या-सरासरी मात्र २०,००० वरून सुमारे १६,८०० वर घसरते आणि इंडेक्स ३.८ च्या पुढे जातो. शिवाय याच टोकाजवळ द्रावकाचे व त्यातील स्थिरक द्रव्याचे उंचवटे येतात. तेथे पायारेषा कोठे संपवायची हे विश्लेषक ठरवतो. रेषा थोडी अलीकडे संपवली की शेपटी कापली जाते आणि पॉलिमर कागदावर अधिक एकसारखा दिसू लागतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम नुसता द्रावक सोडून त्याचे उंचवटे ओळखावेत. मग पायारेषेचे उजवे टोक थोडे पुढे-मागे करून पुन्हा हिशेब करावा. वजन-सरासरी स्थिर राहून संख्या-सरासरी उड्या मारू लागली, तर तो आकडा आणि त्यावर आधारलेला इंडेक्स, दोन्ही त्या रेषेवर लटकलेले आहेत असे समजावे. म्हणून दोन प्रयोगशाळांचे इंडेक्स जुळले नाहीत, तर पॉलिमरला दोष देण्यापूर्वी दोन्ही आलेख मागवावेत आणि पायारेषा कोठे संपवली आहे, ते आधी पाहावे.