साडेचार हजार निट्स, पण कुठे मोजले?

फोनच्या जाहिरातीत अलीकडे एक आकडा ठळक अक्षरांत असतो: पडद्याचा उजेड. वनप्लस १२ या फोनचा दावा होता ४५०० निट्सचा. निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक. उन्हात नकाशा किंवा मेसेज वाचायचा असेल, तर हाच आकडा आपल्या कामाचा. मग कंपनी म्हणते तेवढा उजेड खरंच मिळतो का, हे पैसे मोजण्याआधी कसं कळावं? आपल्यासमोर दोन साक्षीदार असतात. एक, फोन स्वतंत्रपणे तपासून मोजमापं छापणाऱ्या प्रयोगशाळा. दुसरे, तोच फोन विकत घेऊन वापरणारे हजारो लोक. दोघेही उपयोगी आहेत, पण प्रत्येकाला नेमकं काय विचारायचं हे ठाऊक हवं.

उजेडाचं उत्तर प्रयोगशाळेकडेच मिळतं. ओएलईडी पडद्यात मागून येणारा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. पडद्याचा अगदी लहानसा तुकडा पांढरा ठेवून बाकी सगळा काळा ठेवला, तर त्या तुकड्याला भरपूर वीज देता येते आणि तो झगमगतो. पूर्ण पडदा पांढरा केला की तेवढी वीज सगळ्यांना देणं परवडत नाही. बॅटरीवर ताण येतो, पडदा तापतो. म्हणून फोन आपणहून उजेड उतरवतो. जाहिरातीतला ‘पीक’ आकडा बहुधा त्या छोट्या तुकड्याचा असतो. वनप्लस १२च्याच माहितीत दुसरा, लहान आकडाही होता: उन्हात आपोआप वाढणाऱ्या उजेडाचा, १६०० निट्स. खरेदीसाठी विचारात घ्यायचा तो हाच.

तपासणी साधीच असते. अंधाऱ्या खोलीत पडद्याला उजेडमापक लावतात, पडद्याचा ठरावीक भाग पांढरा करतात आणि फोनच्या प्रकाश-सेन्सरवर प्रखर दिवा धरतात, म्हणजे आपण उन्हात आहोत असं फोनला वाटतं. जीएसएमअरीना हे संकेतस्थळ तीन चतुर्थांश पडदा पांढरा ठेवून मोजतं. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत, तर आधी पांढरा भाग किती होता ते पाहा. दोन फोनांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

इथे वापरणाऱ्यांचं मत फारसं कामाचं नाही. ‘डिस्प्ले एकदम ब्राइट’ असं लिहिणाऱ्याचा आधीचा फोन चार वर्षं जुना असू शकतो. शिवाय उजेड दुप्पट झाला तरी डोळ्यांना तो दुप्पट वाटत नाही. त्यात बरीचशी मतं पार्सल फोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतली. डिलिव्हरी वेळेत आली म्हणून दिलेले पाच तारे पडद्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

मात्र प्रयोगशाळाही फसू शकते, आणि ते आधी वापरणाऱ्यांच्या लक्षात येतं. २०२२च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियात हेच घडलं. सॅमसंगच्या गॅलक्सी एस २२ मालिकेत ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’ नावाची एक यंत्रणा होती. फोन तापू नये म्हणून ती काही ॲप्सचा वेग उतरवत असे. नव्या, महागड्या फोनवर गेम अडखळतात अशी तक्रार मालकांनी केली. त्यांनी खोदून पाहिलं तेव्हा सुमारे दहा हजार ॲप्सची यादी बाहेर आली. त्या यादीत वेग मोजणारी ॲप्स मात्र नव्हती. म्हणजे चाचणी चालू असताना फोन पूर्ण ताकदीने धावत होता आणि रोजच्या वापरात नाही.

पुढचं काम मोजणाऱ्यांनी केलं. वेग मोजणाऱ्या ॲपची ओळख बदलून फोनला ते ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा गेम असल्याचं भासवलं. तीच चाचणी, तोच फोन, पण गुण धाडकन खाली आले. गीकबेंच या चाचणीच्या निर्मात्यांनी एस १० ते एस २२ या मालिकांचे निकाल आपल्या यादीतून काढून टाकले. सॅमसंगने माफी मागितली आणि ही मर्यादा बंद करण्याची सोय अपडेटमधून दिली.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. काहीतरी बिघडलंय हे मालकांना कळलं. ते किती आणि का, हे मोजमापाशिवाय सिद्ध झालं नसतं. म्हणून वेगाचा दावा तपासताना एका मिनिटाच्या चाचणीचे गुण पाहून थांबू नका. थ्रीडीमार्कच्या ताण-चाचणीत एकच काम सलग वीस वेळा करून घेतात आणि सर्वांत कमी गुण हे सर्वांत जास्त गुणांच्या किती टक्के आहेत ते सांगतात. ही टक्केवारी ९०च्या वर असेल तर फोन दम टिकवतो. ती ६०च्या आसपास असेल, तर जाहिरातीतला वेग पहिल्या काही मिनिटांपुरताच समजा.

प्रयोगशाळेच्या आणखी दोन मर्यादा आपल्याकडे महत्त्वाच्या ठरतात. पहिली, एकाच नावाचा फोन सगळ्या देशांत सारखा नसतो. गॅलक्सी एस २४ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन चिपवर आला, भारतात एक्सिनॉसवर. परदेशी चाचणी वाचताना चिपचं नाव आणि बॅटरीची क्षमता आपल्या दुकानातल्या खोक्याशी जुळते का, ते आधी बघा. दुसरी, चाचणी साधारणपणे थंड खोलीत होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. इतक्या उन्हात फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी उजेड आणि चार्जिंगचा वेग दोन्ही कमी करतो. दुपारी मोटारसायकलवर फोन लावून नकाशा बघत फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याने ‘दहा मिनिटांत स्क्रीन अंधारते’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य मापकाच्या आकड्याइतकंच मोलाचं.

अशी वाक्यं शोधावी लागतात. खरेदीच्या संकेतस्थळावर मतं ‘नवीन आधी’ लावा आणि दोन-तीन तारेवाल्यांपासून वाचायला सुरुवात करा. फोन बाजारात येऊन चार-सहा महिने झाल्यानंतरची मतं खरी कामाची. पडद्यावर हिरवी रेघ येणं, अपडेटनंतर बॅटरी लवकर उतरणं, चार्जिंगचं तोंड सैल होणं, हे दोष आठवडाभराच्या चाचणीत दिसतच नाहीत. एकाच्या तक्रारीवरून निष्कर्ष काढू नका. एकच लक्षण वेगवेगळ्या लोकांनी, आपापल्या शब्दांत आणि कधीपासून ते सांगून लिहिलं असेल, तर ते गंभीरपणे घ्या. शब्दन्‌शब्द सारखी, एकाच दिवशी आलेली कौतुकं बाजूला ठेवा. मत त्याच मॉडेलचं आहे का, हेही तपासा. एकाच पानावर रॅमचे किंवा साठवणीचे वेगवेगळे प्रकार एकत्र असतात आणि त्यांची मतंही एकत्र दिसतात.

दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर? मोजता येणाऱ्या गोष्टीत, म्हणजे उजेड, चार्जिंगला लागणारी मिनिटं, सलग वेग यांत, मी प्रयोगशाळेचं मानते. टिकाऊपणा, उन्हाळा आणि सर्व्हिस सेंटरच्या वागणुकीत मालकांचं. आणि उजेडाची शंका तरीही उरली, तर दुकानदाराला डेमोचा फोन दारापर्यंत आणायला सांगा. आपोआप उजेडाची सोय चालू ठेवा, पांढऱ्या पानावरचा मजकूर उघडा आणि उन्हात पाच मिनिटं वाचून बघा. पैसे त्यानंतर द्या.