शिरोरेषेपासून मोजलेला मथळा

जुन्या पाठ्यपुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला, तर शब्द बहुतेक बरोबर येतात. हरवते ती पानाची रचना: मुख्य मथळा कोणता, त्याच्या पोटातला उपमथळा कोणता. १.२, १.२.१ असे आकडे छापलेले नसतील, तर अक्षरांचा आकार आणि ठळकपणा यांवरूनच ही उतरंड पुन्हा उभी करावी लागते.

देवनागरीत पहिली फसगत आकार मोजतानाच होते. सहसा शब्दाभोवतीच्या चौकटीची उंची मोजली जाते. पण ‘पूर्वी’ या शब्दाला वर वेलांटी आणि रफार, खाली ऊकार. ‘नगर’ला यातले काहीच नाही. टाइप एकच असूनही ‘पूर्वी’ची चौकट कितीतरी उंच भरते. म्हणून उंची शिरोरेषेपासून साध्या अक्षराच्या पायापर्यंतच घ्यावी. शिरोरेषा शोधणे सोपे आहे: ओळीत जिथे आडवी शाई सर्वांत जास्त, तीच ती.

आता एक पान कल्पून पाहू. वरच्या भागात साध्या मजकुराची उंची ३० पिक्सेल आहे. ‘पाण्याचे स्रोत’ ४५, त्याखाली ‘विहिरी’ ३६, आणि ठळक ‘फायदे’ ३०. पानाच्या तळाशी ‘मर्यादा’ पुन्हा ३६. नुसते आकडे पाहिले तर ‘मर्यादा’ ही ‘विहिरी’च्या बरोबरीची ठरते. पण फोटो काढताना मोबाइल तिरका होता. तळाचा भाग कॅमेऱ्याच्या जवळ आल्याने तिथला साधा मजकूरच ३५ पिक्सेलचा झाला आहे. शेजारच्या मजकुराशी गुणोत्तर काढा: ‘विहिरी’ १.२, ‘मर्यादा’ जेमतेम १.०३. म्हणजे ‘मर्यादा’ मजकुराच्याच आकाराची आहे, ‘फायदे’च्या पंक्तीतली.

मग तो मथळा तरी कशावरून? इथे ठळकपणा कामी येतो, आणि तोही शेजाऱ्याशीच ताडून पाहायचा. ‘मर्यादा’ची शिरोरेषा ७ पिक्सेल जाड, आसपासच्या मजकुराची ५. ही तुलना टाळून सगळ्या पानाला एकच निकष लावला, की सावलीतला किंवा शाई पसरलेला अख्खा परिच्छेद ठळक ठरतो. असे झाले हे ओळखायला सोपे जाते, कारण सलग दहा ओळींचा मथळा कुठेच नसतो.

ठळक असणे मात्र पुरेसे नाही. परिच्छेदाच्या मध्येच ठळक आलेली संज्ञा म्हणजे केवळ जोर. मथळा ओळीत एकटा असतो, आणि त्याच्या वरची मोकळी जागा खालच्यापेक्षा बहुधा जास्त असते, कारण तो खालच्या मजकुराचा असतो. चित्राखालची ओळही ठळक आणि एकटी असू शकते, पण तिचा टाइप सहसा मजकुराहून लहान असतो.

एवढे करूनही एका पानावरून कळतो तो फक्त क्रम. ‘पाण्याचे स्रोत’ हे प्रकरणाचे नाव की प्रकरणातला एक भाग, हे त्या पानात नाहीच. त्यासाठी पुस्तकाची आणखी पाने लागतात, आणि ती वेगवेगळ्या अंतरावरून टिपलेली असली तरी गुणोत्तरे जुळवता येतात. दुसऱ्या एखाद्या पानावर १.९ गुणोत्तराचा मथळा सापडला, तर आपला १.५चा ‘पाण्याचे स्रोत’ एक पायरी खाली सरकतो आणि त्याखालचे सगळे मथळेही.