हळू बोला, पण बावन्न जण मिळून बोला: वाय-फाय प्रतिध्वनीतून वाट कशी काढतं

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "वाय-फायमध्ये डेटा मुद्दाम हळू पाठवतात असं तुम्ही म्हणालात. हळू पाठवून वेग कसा वाढतो?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचा भाग त्यावरच. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

विजापूरच्या गोलघुमटात गेला असाल तर आठवा. तिथे भराभर बोललं की काही कळत नाही, कारण पहिल्या शब्दाचा प्रतिध्वनी दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावर येऊन आदळतो. तेच वाक्य शब्द लांबवून, सावकाश म्हटलं की कळतं. प्रतिध्वनी तेव्हाही असतोच. फक्त तो त्याच शब्दाच्या पोटात विरून जातो.

रेडिओलहरींचं हेच होतं. राउटरपासून निघालेली लहर तुमच्या लॅपटॉपपर्यंत एक सरळ येते आणि एक समोरच्या इमारतीवर आपटून येते. समजा, सरळ वाट १० मीटरची आहे आणि वळसा घेऊन येणारी ४० मीटरची. फरक ३० मीटर. लहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जाते, म्हणजे दुसरी प्रत १०० नॅनोसेकंद उशिरा पोहोचते.

आता १९९९ साली आलेलं वाय-फायचं ८०२.११ए हे मानक घेऊ, कारण त्याचं गणित सुटसुटीत आहे. त्यात दर सेकंदाला १ कोटी २० लाख चिन्हं जातात. चिन्ह म्हणजे लहरीची एक ठरावीक अवस्था, जिच्यात काही बिट भरलेले असतात. ही सगळी चिन्हं एकाच वाहक लहरीवर एकामागून एक पाठवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ८३ नॅनोसेकंद येतात. आपला प्रतिध्वनी १०० नॅनोसेकंद उशिराचा. म्हणजे तो थेट पुढच्या चिन्हांवर जाऊन पडणार. हा गुंता सोडवता येत नाही असं नाही, पण त्यासाठी रिसीव्हरला मागच्या अनेक चिन्हांचा हिशेब सतत ठेवावा लागतो.

८०२.११ए वेगळा मार्ग घेतं. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५२ उपवाहक शेजारी शेजारी बसवले आहेत. त्यातले ४८ डेटासाठी आणि ४ देखरेखीसाठी. प्रत्येक उपवाहक एक चिन्ह तब्बल ४ मायक्रोसेकंद धरून ठेवतो. एकेकटा उपवाहक सेकंदाला फक्त अडीच लाख चिन्हं पाठवतो, पण ४८ जणांची बेरीज पुन्हा १ कोटी २० लाखच! म्हणजे श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. प्रत्येक जण हळू आहे, सगळे मिळून नाहीत.

त्या ४ मायक्रोसेकंदांतला पहिला ०.८ मायक्रोसेकंद राखीव असतो. रिसीव्हर तो सरळ फेकून देतो आणि उरलेले ३.२ वाचतो. आपला ०.१ मायक्रोसेकंदाचा प्रतिध्वनी मागच्या चिन्हाची जी काही घाण आणतो, ती या राखीव भागातच संपते.

इथे एक गोष्ट नीट बघा. हा राखीव भाग रिकामा ठेवत नाहीत, त्यात चिन्हाच्या शेवटच्या ०.८ मायक्रोसेकंदाची नक्कल भरतात. का? उपवाहकांमधलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे ३.२ मायक्रोसेकंदांत प्रत्येकाची आंदोलनं बरोबर पूर्ण संख्येत बसतात. म्हणूनच रिसीव्हर त्यांना एकमेकांपासून वेगळं काढू शकतो. राखीव भागात शांतता ठेवली असती, तर उशिरा आलेल्या प्रतीची सुरुवात कापली गेली असती, आंदोलनं अपूर्ण राहिली असती आणि एक उपवाहक दुसऱ्यात झिरपला असता. नक्कल भरल्यामुळे उशिरा आलेली प्रतसुद्धा पूर्ण आंदोलनांसह हजर असते.

म्हणजे संकट टळलं? नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

प्रतिध्वनी नाहीसा झालेला नाही, त्याचं रूप बदललं आहे. सरळ आणि उशिराची लहर काही वारंवारितांवर एकमेकींना साथ देतात, तर काहींवर एकमेकींना खोडतात. १०० नॅनोसेकंदांच्या फरकाला असे खड्डे दर १० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दर ३२ उपवाहकांनी येतात. परतलेली लहर सरळ लहरीच्या ०.९ पट असेल, तर खड्ड्याच्या तळाशी उरतो फक्त ०.१. ताकदीच्या भाषेत हा शंभरावा हिस्सा झाला. गणित केलं तर प्रत्येक खड्ड्याभोवती साधारण पाच उपवाहक असे निघतात, ज्यांची उंची एकट्या सरळ लहरीच्या निम्म्याहूनही कमी राहते. आपल्या पट्ट्यात असे एक किंवा दोन खड्डे येतील.

मग फायदा काय झाला? एक तर प्रत्येक उपवाहक इतका अरुंद आहे की त्याच्यापुरता मार्ग जवळपास सपाट असतो. पॅकेटच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेला नमुना येतो, त्यावरून कोण किती दबला आणि किती वळला हे रिसीव्हर मोजतो. मग प्रत्येक उपवाहकासाठी एक भागाकार केला की दुरुस्ती झाली.

पण खड्ड्यात पडलेला उपवाहक भागाकाराने वर येत नाही, कारण सिग्नलबरोबर त्याचा गोंगाटही वाढतो. त्याला वाचवतं ते कोडिंग. पाठवण्याआधी बिटांमध्ये जादा बिट मिसळतात, आणि मग ते असे पांगवतात की लागोपाठचे बिट तीन-तीन उपवाहक सोडून बसतील. त्यामुळे एका खड्ड्यातले बिट ओळीने हरवत नाहीत, इथे एक, तिथे एक असे हरवतात. शेजारच्या शाबूत बिटांवरून डिकोडर ते भरून काढतो. कोडिंग नसतं, तर पाच दुबळ्या उपवाहकांनी अख्ख्या पॅकेटचा घात केला असता. हळू उपवाहक नुकसान एका कोपऱ्यात गोळा करतात, भरपाई कोडिंग करतं.

हे घरी ओळखता येतं का? काही प्रमाणात. सर्वात वरच्या ५४ मेगाबिटच्या वेगाला एका चिन्हात ६ बिट कोंबलेले असतात आणि जादा बिट कमी असतात, दर चारात एक. खड्डे खोल असले की हा वेग आधी कोसळतो. मग स्क्रीनवर सिग्नलच्या काड्या भरपूर दिसतात, पण जोडणीचा वेग घसरलेला असतो. काड्या सरासरी ताकद सांगतात, खड्डे सांगत नाहीत. या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे ६ सेंटीमीटर असल्यामुळे लॅपटॉप वीतभर सरकवला तरी खड्डे दुसऱ्या उपवाहकांवर जातात.

मर्यादा कुठे? वाटांतला फरक २४० मीटरच्या पुढे गेला, तर प्रतिध्वनी ०.८ मायक्रोसेकंदाच्या राखीव भागाबाहेर सांडतो. तेव्हा राउटरची ताकद वाढवून काही होत नाही, कारण प्रतिध्वनीही तितकाच वाढतो. म्हणून मैदानी अंतरांसाठी बनलेल्या ४जीमध्ये चिन्ह ६६.७ मायक्रोसेकंदांचं आणि राखीव भाग साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा आहे. तो १.४ किलोमीटरचा फरक पोटात घेतो.

मग आणखी हळू का जात नाहीत? कारण चिन्ह लांबलं की उपवाहक एकमेकांच्या अधिक जवळ येतात. धावत्या गाडीत डॉप्लरमुळे वारंवारिता जराशी सरकली, तरी ते एकमेकांत मिसळू लागतात. शिवाय एवढ्या लांब चिन्हाच्या मधेच मार्ग बदलू शकतो. प्रतिध्वनीला पुरून उरेल इतकं हळू, पण गाडीच्या वेगाला पुरेल इतकं जलद: चिन्हाची लांबी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ठरते.

पुढच्या भागात डॉप्लरबद्दल सविस्तर बोलू. प्रश्न पाठवत राहा. भेटूच!