आधी कोरी पाटी मागा

समजा, दुकानाचं नाव आहे ‘श्रद्धा फराळ केंद्र’. एआयकडून त्याच्या पाटीचं रात्रीचं चित्र हवं म्हणून आपण लिहितो, ‘या नावाची सुंदर, झगमगती पाटी, रात्रीचा रस्ता.’ चित्र क्षणात येतं आणि छानही दिसतं. मग नाव वाचायला जावं, तर ‘द्ध’चा ‘दध’ झालेला, ‘केंद्र’वरचा अनुस्वार उडालेला, शिरोरेषा मध्येच तुटलेली. ही साधनं शब्द लिहीत नाहीत, पाहिलेल्या आकारांसारखे आकार काढतात. इंग्रजी पाट्या त्यांनी भरपूर पाहिल्यात, आपली जोडाक्षरं त्या मानाने कमी. नवी साधनं सुधारली आहेत, तरी अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचावंच.

माझ्या मते खात्रीचा मार्ग एकच. नाव त्याला लिहायलाच सांगू नका. इमारत आणि उजेड मागा, पाटी कोरी ठेवा:

```
दुमजली जुन्या इमारतीचा तळमजला, समोरून, रस्त्यापलीकडून
डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो. अर्धवट उघडं शटर, वर
शटरइतकीच रुंद, गडद हिरवी, मॅट, कोरी पाटी; उंची रुंदीच्या
चौथ्या भागाइतकी. शेजारी बंद दुकान, विजेच्या तारा, कोरडा
रस्ता. सूर्यास्तानंतर वीस मिनिटं, आकाश गडद निळं.
दुकानातून पिवळसर उजेड. पाटीवर अक्षरं नकोत.
```

‘रात्र’ न लिहिता वेळ सांगितली, कारण काळ्याकुट्ट आकाशात इमारतच हरवते. ‘कोरडा रस्ता’ मुद्दाम. नाहीतर सिनेमातल्यासारखा ओला, चमकणारा रस्ता फुकटात मिळतो. माप फुटांत देऊन उपयोग नाही, शटरच्या हिशेबात द्यावं.

आता फोटोवर मुक्ता किंवा बलू या मोफत फॉन्टमध्ये नाव स्वतः टाका. इंग्रजी नावही हवं असेल, तर महाराष्ट्रात 2022च्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरं त्याहून लहान चालत नाहीत. उजेडाचे प्रकार मुख्यतः दोन. समोरून उजळणाऱ्या अक्षरात अ‍ॅक्रिलिकचा चेहराच पेटतो. मागून उजळणाऱ्यात अक्षर काळं राहतं आणि उजेड मागच्या पाटीवर पसरतो. दुसरा दाखवायचा तर अक्षरांची प्रत काढा, ती पिवळसर करून धूसर करा आणि मूळ अक्षरांखाली सरकवा. धूसरपणा जास्त झाला की ‘श्र’ आणि ‘द्ध’मधल्या पोकळ्या उजेडाने भरतात. चित्र अंगठ्याएवढं करून पाहा. नाव वाचता आलं नाही, तर उजेड कमी करा.

या चित्रावरून पाटी बनत नाही, बरं का. बोर्डवाल्याला अक्षरांच्या कडा रेषांत असलेली फाइल लागते, बहुतेक ठिकाणी कोरलची. ती देताना एवढं विचाराच: अनुस्वाराच्या टिंबात एलईडी मावेल का?